‘अर्जंट’ लिहून अ‍ॅक्सेस मिळत नाही

पुण्यातल्या एका कंपनीत रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात जूनअखेरच्या तिमाहीचा विक्रीचा रिपोर्ट माझ्याकडे आला. तो पॉवर बीआयमध्ये करायचा होता आणि आकडे विक्रीच्या डेटाबेसमधून घ्यायचे होते. माझ्याकडे दोन्हींचा अ‍ॅक्सेस नव्हता. मंगळवारी, 25 जूनला मी आयटी सपोर्टच्या पोर्टलवर तिकीट टाकलं: ‘पॉवर बीआय आणि डेटाबेसचा अ‍ॅक्सेस द्यावा. अर्जंट.’

गुरुवारी तिकीट परत आलं. ते मी ‘इन्सिडंट’ म्हणून टाकलं होतं. इन्सिडंट म्हणजे चालू असलेली गोष्ट बंद पडणं. जे मुळात कधी दिलेलंच नाही, त्यासाठी ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’ असते आणि अप्रूव्हलचे टप्पे त्या फॉर्मलाच जोडलेले असतात. मी जरा चिडूनच हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, अ‍ॅक्सेस द्यायला मला दोन मिनिटं लागतात. पण तो का दिला, हे ऑडिटवाल्यांनी विचारलं तर मी काय दाखवू?”

तिथे माझी ट्यूब पेटली. मला खरंच गरज आहे की नाही, हे सपोर्टवाले ठरवत नाहीत. ते ठरवतात माझी मॅनेजर आणि त्या डेटाचा मालक. सपोर्टला लागतो पुरावा, आणि सहा महिन्यांनी मला न ओळखणाऱ्या माणसानं तिकीट उघडलं तरी त्याला सगळं कळावं लागतं.

हेल्पडेस्कच्या त्या मुलानंच आणखी एक गोष्ट सांगितली. माझ्या एका ओळीत दोन वेगळ्या मागण्या होत्या. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, कंपनीच्या सॉफ्टवेअर सेंटरमधून तो घेता येतो. पैसे लागतात ते प्रो लायसन्सला, म्हणजे रिपोर्ट सामायिक वर्कस्पेसमध्ये टाकून इतरांना दाखवायचा असेल तेव्हा. त्याचं अप्रूव्हल खर्च ज्याच्या खात्यावर पडणार त्याचं, म्हणजे माझ्या मॅनेजरचं. डेटाबेसचं अप्रूव्हल मात्र विक्री विभागातल्या डेटा ओनरचं. एकाच तिकिटात दोन्ही टाकलं की एकाच्या सहीसाठी दुसरंही अडून बसतं. मी दोन रिक्वेस्ट केल्या आणि एकीत दुसरीचा नंबर लिहिला. (आमच्याकडच्या लायसन्सच्या प्रकारात रिपोर्ट बघणाऱ्यालाही प्रो लागतं, हे मला नंतर कळलं. दोन रीजनल मॅनेजरांसाठी तिसरी रिक्वेस्ट टाकावी लागली.)

डेटाबेसच्या रिक्वेस्टमध्ये कारणाच्या जागी मी आधी लिहिलं होतं, ‘कामासाठी आवश्यक’. शिवाय शेजारच्या सहकाऱ्याचं नाव घालून ‘यांच्यासारखाच अ‍ॅक्सेस द्यावा’. हे दुसरं वाक्य नवे लोक हमखास लिहितात. पण तो सहकारी चार वर्षांत तीन प्रोजेक्ट फिरलेला. जुन्या प्रोजेक्टचे अधिकारही त्याच्या नावावर तसेच पडून होते, त्यात ग्राहकांच्या फोन नंबरांचं टेबलही होतं. डेटा ओनरनं हे मंजूर केलं असतं, तर नको ते सगळं माझ्याही गळ्यात आलं असतं. माझ्या टीम लीडनं शेजारी बसवून मजकूर नव्यानं लिहून घेतला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

> विक्री डेटाबेसमधल्या रिपोर्टिंग स्कीमातले तीन व्ह्यू फक्त वाचण्यासाठी हवे आहेत (नावं खाली). उपयोग: एप्रिल ते जून तिमाहीचा प्रदेशवार विक्री रिपोर्ट, पुढे दर महिन्याला. आधी हे काम करणारी व्यक्ती दुसऱ्या टीममध्ये गेली आहे. अ‍ॅक्सेस नसेल तर आकडे एक्सेलमध्ये मेलवर मागवावे लागतील. ग्राहकांची वैयक्तिक माहिती नको आहे. मुदत: पुढच्या वर्षी 31 मार्चपर्यंत.

यात मला सगळ्यात कामाचं वाटतं ते ‘नको आहे’ हे वाक्य. डेटा ओनरची भीती तिथेच असते, आणि ती आपणच काढून टाकली की त्याचा उलट प्रश्न येत नाही. ‘फक्त वाचण्यासाठी’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे. ते नसतील तर ‘रीड की राइट?’ असं विचारून तिकीट ‘अवेटिंग यूजर इन्फो’त जातं. आमच्याकडे त्या स्थितीत सपोर्टच्या मुदतीचं घड्याळ थांबतं, आणि तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिकीट आपोआप बंद होतं.

अप्रूव्हलच्या बाबतीत माझी चूक साधी होती. मॅनेजरनं चॅटवर ‘हो, टाक’ म्हटलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट मी जोडला. तो चालला नाही. ‘टाक’ म्हणजे काय टाक, हे त्या चित्रातून कळत नव्हतं. मग मी मॅनेजरला मेल केला. त्यात वरचाच मजकूर, अक्षरही न बदलता, घातला आणि त्याच मेलवर ‘अप्रूव्ह्ड’ असं उत्तर मागितलं. ते आल्यावर पूर्ण साखळी डेटा ओनरला फॉरवर्ड केली. त्याचं उत्तर आलं की अख्खा मेल फाइल म्हणून तिकिटाला जोडला, कॉपी-पेस्ट नाही. कोणी, केव्हा, कशाला होकार दिला ते त्या एकाच फाइलमध्ये वाचता येतं. डेटा ओनर रजेवर असेल तर त्याच्या ऑटो रिप्लायमध्ये बदली माणसाचं नाव असतं. त्याची सही घ्यायची आणि तो ऑटो रिप्लायही सोबत जोडायचा, नाहीतर ‘हे कोण?’ असा प्रश्न येतो.

आता तारीख. इथे मी दोनदा आपटले. रिपोर्टची मीटिंग सोमवारी, 8 जुलैला होती, म्हणून मी ‘कधीपर्यंत हवं’च्या रकान्यात 08/07 लिहिलं. 2 जुलैला चौकशी केली तर तिकीट रांगेत निवांत पडलेलं. पोर्टल अमेरिकी पद्धतीचं, महिना आधी. त्यांच्या लेखी मला 7 ऑगस्टला हवं होतं! तेव्हापासून महिना मी अक्षरातच लिहिते.

दुसरी चूक जास्त खोल. मला अ‍ॅक्सेस मीटिंगच्या दिवशी नकोच होता, रिपोर्ट करायला दोन दिवस लागणार होते. शनिवार-रविवार सोडले तर 3 जुलैच्या संध्याकाळपर्यंत तो हातात हवा होता. सपोर्टची मुदत शेवटचं अप्रूव्हल मिळाल्यापासून पाच कामाचे दिवस, म्हणजे सगळ्या सह्या 26 जूनपर्यंत व्हायला हव्या होत्या. सह्यांना दोन दिवस धरले तर रिक्वेस्ट 24 जूनलाच जायला हवी होती. मी ती 25 ला टाकली, तीही चुकीच्या फॉर्मवर. हा हिशोब पहिल्या दिवशी केला असता, तर ‘अर्जंट’ऐवजी ‘3 जुलैपर्यंत, कारण 8 जुलैच्या मीटिंगसाठी दोन दिवसांचं काम आहे’ असं लिहिलं असतं. असं वाक्य दाखवून लीड पुढे बोलू शकते. ‘अर्जंट’ तर प्रत्येकच तिकिटावर असतं.

शेवटी लीडनं शब्द टाकला आणि 5 जुलैला, शुक्रवारी दुपारी, अ‍ॅक्सेस मिळाल्याचा मेल आला. लगेच जोडून पाहिलं तर `Login failed for user`. घाबरून पुन्हा फोन. त्यानं विचारलं, “लॉग-ऑफ केलंत का?” आमच्याकडे अधिकार विंडोजच्या ग्रुपमधून मिळतात, आणि आपण कोणत्या ग्रुपात आहोत याची यादी लॉग-इन होतानाच बनते. नुसती स्क्रीन लॉक करून भागत नाही. पूर्ण बाहेर पडून परत आले आणि त्यानं सांगितलेली कमांड चालवली:

```
whoami /groups
```

यादीत नवा ग्रुप दिसला, डेटाबेसही उघडला. पण तिसऱ्या व्ह्यूवर `The SELECT permission was denied on the object` आलं. हा मेसेज वेगळा: दार उघडलंय, आतलं एक कपाट बंद आहे. यावर लॉग-ऑफ करून काही होत नाही. तिकीट बंद झालं होतं, पण ते पुन्हा उघडायला तीन दिवस मिळतात. मी त्याच नंबरवर मेसेज जसाच्या तसा टाकला आणि मंजुरीच्या मेलमध्ये तिसऱ्या व्ह्यूचं नाव कुठे आहे ते दाखवलं. नवी सही लागली नाही. साडेपाचला व्ह्यू उघडला, आणि तो शनिवार-रविवार मी रिपोर्टवर घालवला.