शोकेस आणि टीपॉयवरील मांडणी : विषम संख्येचा नियम पाळताना होणाऱ्या या चुका टाळा

शोभेच्या वस्तू तीन किंवा पाचच्या गटात ठेवाव्यात आणि त्यांच्या उंचीत फरक असावा, हा गृहसजावटीतील नियम आता बहुतेकांच्या कानावर असतो. तरीही तीन वस्तू मोजून ठेवलेला कप्पा अनेकदा विस्कळीत किंवा दुकानातल्या फळीसारखा दिसतो आणि मग नियमच चुकीचा असावा अशी शंका येते. बहुतेक वेळा नियम बरोबर असतो. फक्त आपण हाताने वस्तू मोजतो आणि डोळा काही वेगळेच मोजत असतो.

वस्तू सम संख्येत असल्या की डोळा त्यांच्या जोड्या लावतो आणि मांडणी मधोमध दुभंगते. तीन वस्तूंमध्ये जोडी लागल्यावर एक उरतेच, त्यामुळे नजर एकीवरून दुसरीवर फिरत राहते आणि तिन्ही मिळून एक गट वाटतो. मात्र डोळा ज्यांना एकेक मानतो ते नग नसून आकारांचे पुंजके असतात. एकमेकींना टेकलेल्या दोन सारख्या बरण्या हा एकच पुंजका झाला आणि आडवी रचलेली चार पुस्तके हाही एकच. म्हणून फुलदाणी, पुस्तकांची चवड आणि तिच्यावर ठेवलेला छोटा हत्ती ही मांडणी कागदावर तीन वस्तूंची असली, तरी हत्ती चवडीत मिसळून गेला तर डोळ्याला ती दोनचीच वाटते. हे ओळखण्याचा सोपा उपाय असा, की कप्प्यापासून दोन-अडीच मीटर मागे जावे, डोळे किलकिले करावेत आणि तपशील पुसट झाल्यावर किती ठिपके उरतात ते मोजावे. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले तरी तेच काम होते. रंग निघून गेला की गडद आणि फिकट आकार उघडे पडतात.

जुन्या शोकेसच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या पाठीला आरसा लावलेला असतो. तीन वस्तू ठेवल्या की आरशात त्यांच्या पाठी दिसतात आणि तीनच्या सहा होतात. शिवाय प्रत्येक वस्तू तिच्या प्रतिबिंबाशी जोडी लावून उभी राहते. अशा शोकेसमध्ये कितीही वेळा वस्तू हलवल्या तरी गर्दी वाटत राहते, कारण दोष वस्तूंचा नसतो. आरसा काढायचा नसेल, तर त्याच मापाचा पातळ प्लायवूड किंवा पुठ्ठा एकरंगी सुती कापडात गुंडाळून आरशापुढे उभा करावा. कापड वस्तूंपेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिके असावे; पितळेच्या वस्तूंमागे पिवळसर कापड लावले, तर आकार पार्श्वभूमीत विरून जातात.

उंचीच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फरक अगदी थोडा ठेवणे. सोळा, पंधरा आणि चौदा सेंटिमीटरच्या तीन वस्तू शेजारी ठेवल्या, तर त्या वेगळ्या उंचीच्या वाटत नाहीत. एकाच उंचीच्या असायला हव्या होत्या आणि काही तरी चुकले, असे वाटते. फरक नेमका किती असावा याचा एक विश्वासार्ह मापदंड जपानी पुष्परचनेत सापडतो. 1927 मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सुरू केलेल्या सोगेत्सु शैलीत तीन मुख्य फांद्या असतात : शिन, सोए आणि हिकाए. तिच्या मूळ रचनेत सोए ही शिनच्या सुमारे तीन चतुर्थांश आणि हिकाए ही सोएच्या सुमारे तीन चतुर्थांश लांबीची घेतात. हेच प्रमाण फळीवरील वस्तूंना नीट लागू पडते. प्रत्येक वस्तू आपल्याहून उंच वस्तूच्या पाऊण पटीच्या आसपास किंवा त्याहून कमी असली, की फरक हेतुपुरस्सर दिसतो.

सर्वांत उंच वस्तू किती उंच असावी, हे तिच्या डोक्यावरील मोकळ्या जागेवरून ठरवावे. कप्प्याच्या आतील उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश हे सुरक्षित माप आहे. वस्तू वरच्या फळीला जवळजवळ टेकत असेल तर ती कोंबल्यासारखी दिसते, आणि सर्वच वस्तू कप्प्याच्या निम्म्याहून बुटक्या असतील तर वरचा भाग ओसाड राहतो.

आता एक नेहमी दिसणारा कप्पा घेऊ. रुंदी 90 सेंटिमीटर, आतील उंची 36 आणि खोली 28. त्यात पश्चिम बंगालमधील बांकुड्याचे मातीचे दोन घोडे आहेत, प्रत्येकी 24 सेंटिमीटर उंच. हे घोडे बहुधा जोडीनेच विकत मिळतात, म्हणून ते दोन टोकांना समोरासमोर तोंड करून उभे केलेले आहेत. त्यांच्यामध्ये सोळा सेंटिमीटरची फोटोफ्रेम, पंधरा सेंटिमीटरचा पितळी तांब्या आणि सावंतवाडीच्या लाकडी फळांनी भरलेला वाडगा आहे, फळांसह साधारण तेरा सेंटिमीटर उंच. या पाच वस्तू आहेत आणि सगळ्यांमधले अंतरही सारखे आहे. संख्या विषम आहे, तरी कप्पा शाळेच्या वर्गफोटोसारखा दिसतो. कारण दोन घोडे एकमेकांशी जोडी लावतात, मधल्या तिघांची उंची जवळजवळ सारखी आहे आणि समान अंतरामुळे कोणीच कोणाच्या गटात नाही.

दुरुस्तीची सुरुवात वस्तू कमी करण्यापासून करावी. एक घोडा आणि फोटोफ्रेम या कप्प्यातून काढावी. घोड्यांची ताटातूट नको असेल तर दोघांना एकमेकांना टेकवून, एकाच दिशेला तोंड करून ठेवावे, म्हणजे त्यांचा एक पुंजका होतो. पण या कप्प्याच्या रुंदीला एकटा घोडा अधिक शोभतो. तो छत्तीसच्या दोन तृतीयांश, म्हणजे बरोबर चोवीस सेंटिमीटरचा असल्यामुळे सर्वांत उंच वस्तूची जागा त्याचीच. चोवीसची पाऊणपट अठरा होते, आणि तांब्या पंधराचा आहे. म्हणून त्याच्या बुडाखाली तीन सेंटिमीटर जाडीचा, बुडापेक्षा किंचित लहान लाकडी ठोकळा द्यावा. अठराची पाऊणपट साडेतेरा, तेवढा वाडगा आहेच. दिसणारा ठोकळा टाळण्याचे कारण असे, की उंची वाढवणारी बैठक वस्तूपेक्षा मोठी झाली तर वस्तूकडे नव्हे, बैठकीकडेच लक्ष जाते. पुस्तकांची चवड वापरायची असेल, तर तिलाच तिसरा पुंजका मानावे.

यानंतर जागा. घोडा कप्प्याच्या डाव्या बाजूला, मागच्या पाठीलगत, तोंड उजवीकडे करून ठेवावा. प्राण्याचे किंवा माणसाचे तोंड ज्या दिशेला असते तिकडे नजर जाते. घोडा डावीकडच्या लाकडाकडे पाहत असेल तर नजर कप्प्याबाहेर निघून जाते. तांब्या घोड्याच्या उजवीकडे, तोही मागेच, पण घोड्यापेक्षा दोन बोटे पुढे असावा. वाडगा दोघांच्या मध्ये, फळीच्या पुढच्या कडेपासून चार सेंटिमीटर आत, असा ठेवावा की समोरून पाहताना घोड्याच्या पुढच्या पायांचा आणि तांब्याच्या पोटाचा थोडासा भाग त्याने झाकला जाईल. गटाच्या डावीकडे एक भाग आणि उजवीकडे सुमारे दोन भाग मोकळी जागा राहू द्यावी. ती भरण्याचा मोह आवरणे हाच या कामातला अवघड भाग आहे, विशेषतः वाढदिवसाला आलेली प्रत्येक भेटवस्तू पाहुण्यांना दिसलीच पाहिजे असा घरात आग्रह असेल तर.

या उदाहरणात झाकण्यावर भर दिला आहे, कारण उंची आणि संख्या दोन्ही बरोबर असूनही मांडणी फसते ती अनेकदा इथेच. सर्व वस्तू फळीच्या एकाच रेषेवर ठेवल्या जातात. वरून पाहिले असता तीन वस्तूंची बुडे एका सरळ रेषेत नसून त्रिकोणात असली पाहिजेत, आणि समोरून पाहताना पुढच्या वस्तूने मागच्या वस्तूचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला पाहिजे. कडा एकमेकींना जेमतेम स्पर्श करताना दिसल्या, तर ती स्थिती सर्वांत वाईट. तिथे डोळा अडकतो. एक तर झाकावे, नाही तर स्पष्ट अंतर सोडावे. हे अंतर गटातील सर्वांत लहान वस्तूच्या रुंदीपेक्षा कमी असावे, नाही तर ती वस्तू गटातून बाहेर पडते.

चढत्या किंवा उतरत्या क्रमाने मांडलेल्या वस्तूंचाही असाच प्रश्न असतो. उंच, मध्यम, बुटकी अशा जिन्यावरून नजर खाली घसरते आणि परत येत नाही. बुटकी वस्तू मध्ये आणि पुढे आणली, की वरची रेषा खाली जाऊन पुन्हा चढते. याच्या उलट, सर्वांत उंच वस्तू बरोबर मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या वस्तू ठेवल्या तर तंबू तयार होतो, आणि संख्या तीन असूनही मांडणी पुन्हा दोन सारख्या अर्ध्या भागांत विभागली जाते.

टीपॉयवर यातील काही गोष्टी बदलतात. शोकेसला समोर आणि मागे असते. टीपॉय चारही बाजूंनी आणि मुख्यतः वरून दिसतो, त्यामुळे उंच वस्तू मागे ठेवण्याला अर्थ राहत नाही. ती गटाच्या मध्याच्या जवळ, पण किंचित एका बाजूला असावी, म्हणजे कोणत्याही आसनावरून ती इतरांना पूर्ण झाकणार नाही. टीपॉयची उंची साधारण 40 ते 45 सेंटिमीटर असते. त्यावर तीस सेंटिमीटरपर्यंतची फुलदाणी समोरासमोर बसलेल्यांच्या नजरेच्या आड येत नाही. साठ सेंटिमीटरची आणली, तर बोलताना माना वाकड्या होतात आणि दोन दिवसांत ती फुलदाणी कोपऱ्यात जाते. तिन्ही वस्तू एका तबकात किंवा ट्रेमध्ये ठेवाव्यात आणि त्याने टीपॉयचा सुमारे एक तृतीयांश भागच व्यापावा, कारण उरलेल्या जागेवर चहाचे कप येणार आहेत. रिमोट, चष्मा आणि वर्तमानपत्र हेही डोळा मोजतो, म्हणून ट्रेमधला एक उथळ वाडगा मुद्दाम रिकामा ठेवून रिमोट त्यात टाकावा.

पाचपेक्षा जास्त वस्तूंना विषम संख्येचा नियम लावून काही साधत नाही. सात आणि आठ यांतील फरक एका नजरेत कोणालाही कळत नाही. तिथे वस्तूंचे तीन आणि पाच किंवा तीन आणि तीन असे स्वतंत्र गट करून मध्ये स्पष्ट रिकामी जागा सोडणे उपयोगी पडते. एकाच प्रकारच्या वस्तूंचा संग्रह, उदाहरणार्थ सावंतवाडीच्या गंजिफांची पाने, सारख्या अंतरावर ओळीने लावलेलाच चांगला दिसतो. तसेच जिथे जोडी हाच अर्थ आहे तिथे ती मोडू नये. गणपतीच्या मखराच्या दोन्ही बाजूंना दोन समया असतात, कारण तिथे नजर फिरवायची नसून मधल्या मूर्तीवर स्थिर करायची असते. सणानंतर मात्र त्याच दोन समया शोकेसच्या दोन टोकांना तशाच उभ्या राहिल्या, तर मध्ये काहीही ठेवले तरी त्याला मखरातल्या मूर्तीची जागा मिळते. म्हणून एक समई कप्प्यात एका बाजूला ठेवून दुसरी देवघरात हलवावी.