जुन्या नोकऱ्या प्रोफाईलवरून उडवताय? या चुका टाळा

लिंक्डइन प्रोफाईल साफ करायला बसलं की पहिला हात जातो डिलीटवर, आणि घोळ तिथेच सुरू होतो. एक उदाहरण घेऊ. एकीची डिग्री 2008 ची. 2008 ते 2010 कॉल सेंटर, 2010 ते 2012 इन्शुरन्स सेल्स, 2012 ते 2015 एमआयएसचं, म्हणजे आकडेवारीचे रिपोर्ट बनवायचं काम, मग 2015 ते 2017 घरच्या धंद्यात, आणि 2017 पासून एकाच कंपनीत आधी डेटा ॲनालिस्ट, 2020 नंतर सीनियर. तिला पुढेही ॲनालिटिक्सच करायचंय, म्हणून तिने 2017 च्या आधीचं सगळं एका दमात उडवलं.

आता प्रोफाईल दिसतं कसं? शिक्षण संपलं 2008 ला आणि पहिली नोकरी 2017 ला, मधली नऊ वर्षं गायब. वरून हेडलाईनमध्ये अजून "15+ वर्षांचा अनुभव" तसंच. वाचणारा रिक्रूटर काही फार खोलात जात नाही, पण ही बेरीज त्याच्या लगेच लक्षात येते, आणि मग एक तर आकडा फुगवलाय असं वाटतं नाहीतर मधे काहीतरी लपवलंय असं. खरं तर दोन्ही नाही.

काढायचं नाही, आवळायचं. कॉल सेंटर आणि सेल्स या दोन नोंदींची एकच नोंद करायची: पदाच्या जागी "सुरुवातीच्या नोकऱ्या: कस्टमर सपोर्ट आणि सेल्स", तारखा 2008 ते 2012, आणि खाली एकच ओळ, दोन्ही कंपन्यांची नावं आणि काय काम होतं एवढीच. टार्गेट किती पूर्ण केलं, एम्प्लॉयी ऑफ द मंथ वगैरे आता नको. एमआयएसची नोकरी मात्र ठेवायची आणि तिला दोन-तीन ओळी द्यायच्या, कारण रिपोर्ट बनवता बनवताच ती ॲनालिसिसकडे वळली, म्हणजे आजच्या कामाचं मूळ तिथे आहे. घरच्या धंद्याची दोन वर्षंही ठेवायची, एका ओळीत. सुरुवातीच्या नोंदी आवळल्या तर फारसं कुणी विचारत नाही पण मधला तुकडा काढला की खड्डा दिसतोच. आणि हेडलाईनमध्ये "ॲनालिटिक्समध्ये 2017 पासून" लिहायचं, म्हणजे आकडा खाली दिसणाऱ्या नोंदींशी जुळतो आणि दरवर्षी बदलावाही लागत नाही.

इथेच काही जण शहाणपणा करतात, मधली नोकरी उडवायची आणि खड्डा बुजवायला पुढच्या नोकरीची सुरुवात मागे ओढायची. हे अजिबात करू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जॉइनिंग आणि रिलीव्हिंगच्या तारखाच तर तपासतात, आणि तारीख जुळली नाही की हातात आलेली ऑफरही जाऊ शकते. प्रोफाईलवर काय दाखवायचं ते तुम्ही निवडू शकता, पण जे दाखवाल ते खरंच हवं. आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये सगळ्या नोकऱ्या मागितल्या असतील तर तिथे सगळ्या लिहायच्या, उडवलेल्या पण!

एकाच कंपनीतल्या बढत्या वेगवेगळ्या नोंदी म्हणून लांब लांब पडल्या असतील तर वरवर बघणाऱ्याला नोकऱ्या बदलल्यासारखं वाटतं. लिंक्डइनवर दोन्ही नोंदींना तेच कंपनी पेज निवडलं की साधारण ती पदं एकाखाली एक येतात आणि एकूण काळ वर दिसतो. नाव हाताने टाईप केलेलं असलं, एकात पूर्ण नाव आणि एकात शॉर्टफॉर्म, की हे गटात येत नाही. अजून एक, जुन्या नोकरीला शेवटची तारीख टाकायची राहिलेली असते, मग तुम्ही एकाच वेळी तीन ठिकाणी कामाला आहात असं दिसतं 😅

डिलीट करण्याआधी त्या नोंदीला एखादी शिफारस जोडलेली आहे का ते बघा, आणि आख्खं प्रोफाईल पीडीएफ करून ठेवा, जुन्या तारखा नंतर आठवत नाहीत. बदल करताना नेटवर्कला कळवायचा पर्याय बंद ठेवा नाहीतर लोक नव्या नोकरीबद्दल अभिनंदन करत बसतील.

नोंदी आवरल्या आणि स्किल्समध्ये टेलिकॉलिंग, लीड जनरेशन तसंच राहिलं तर निम्मं काम बाकी आहे. रिक्रूटर सर्च करतो तेव्हा हे शब्दही धरले जातात, त्यामुळे अजून सेल्सच्याच नोकऱ्यांचे मेसेज येत असतील तर आधी तिकडे बघा.

आता एक अपवाद. वरच्याच उदाहरणातल्या बाईंना एखाद्या इन्शुरन्स कंपनीत ॲनालिस्ट व्हायचं असेल तर ती 2010 ची सेल्सची नोकरी एकदम कामाची ठरते, पॉलिसी, क्लेम, ग्राहक का सोडून जातो हे तिने समोर बसून पाहिलंय. तेव्हा ती त्या एकत्र नोंदीतून बाहेर काढायची आणि नीट दोन ओळी लिहायच्या, कॉल सेंटर मागेच राहू दे.