बॉक्स बीमला खिळे ठोकायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

बॉक्स बीम म्हणजे चार फळ्या खिळ्यांनी जोडून केलेला पोकळ बीम, आणि आपल्याला काढायचंय ते दोन खिळ्यांमधलं अंतर, म्हणजे स्पेसिंग. आधी कागदावर बीमचं क्रॉस सेक्शन काढा आणि खिळा कुठल्या फळीतून कुठल्या फळीत जातोय ते बाणाने दाखवा, कारण पुढचं सगळं गणित त्या बाणावर आहे. आपण उदाहरण घेऊ, बाहेरून 200 रुंद, 280 उंच, सगळ्या फळ्या 40 मिमी जाड. मधली पोकळी वजा करून सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया I येतो साधारण 2.86 × 10⁸ मिमी⁴, तो लिहून ठेवा. जास्तीत जास्त शिअर फोर्स V धरू 3000 न्यूटन आणि एक खिळा 400 न्यूटन घेतो असं समजू. युनिट सगळीकडे न्यूटन आणि मिमीच, मध्येच kN घुसला की उत्तर हजारपटीने चुकतं.

आता Q, म्हणजे फळीचं क्षेत्रफळ गुणिले तिच्या मध्याचं न्यूट्रल अॅक्सिसपासूनचं, म्हणजे इथे बीमच्या अर्ध्या उंचीवरच्या रेघेपासूनचं अंतर, इथे बहुतेक जण घसरतात. मी पण पहिल्यांदा न्यूट्रल अॅक्सिसच्या वरचा अख्खा अर्धा भाग घेतला होता, तसं केलं तर 56 मिमीचं स्पेसिंग येतं आणि उगाच खिळे वाया. Q फक्त त्या फळीचा घ्यायचा जी खिळे काढले तर सुटून येईल. वरची 200 रुंद फळी दोन उभ्या फळ्यांच्या डोक्यावर बसवली असेल तर Q = 200 × 40 × 120 = 960000, मग सांध्याच्या दर मिमी लांबीवर येणारा जोर q = VQ/I म्हणजे जवळपास 10.1 न्यूटन प्रति मिमी. खिळ्यांच्या ओळी दोन, म्हणून स्पेसिंग s = 2 × 400 / 10.1, म्हणजे 79, ठोकताना 75 धरा. ओळी मोजायला विसरलात तर 40 च्या आसपास येईल.

आता तेच माप, तोच I, पण आडवी फळी उभ्या फळ्यांच्या मध्ये बसवून बाजूने खिळे मारले तर ती फळी 120 चीच उरते, Q होतो 576000, q 6 च्या आसपास आणि स्पेसिंग थेट 132. म्हणजे नुसती जोडणी बदलली आणि खिळे बरेच कमी लागले, म्हणून तो बाण आधी काढायचा.

लोड सगळीकडे सारखा पसरलेला आणि बीम दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर स्पॅनच्या पाव भागावर V निम्मा होतो, तिथून मध्याकडे स्पेसिंग दुप्पट चालतं, टोकांकडे मात्र नाही. खिळे 40 मिमीच्या कडेत जातायत तर मधोमध रेघ मारून घ्या, आणि लाकूड चिरत असेल तर आधी बारीक भोक पाडा.

शेवटी टोकाजवळ सांध्यावरून आडवी पेन्सिलची रेघ ओढून ठेवा. लोड आल्यावर ती सांध्यावर तुटून पुढेमागे झाली तर फळ्या सरकतायत. खिळ्यांचा सांधा थोडा सरकतोच, त्यामुळे गणितातल्यापेक्षा बीम जरा जास्तच वाकणार हे धरून चाला, पण रेघ रोज थोडी थोडी तुटत असेल तर टोकाला खिळे वाढवा.