‘बँक’ एकाच रीतीने लिहा: प्रकाशनाच्या लेखनसंहितेविषयी

लेखनसंहितेत ऱ्हस्वदीर्घाचे नियम नव्याने घडवू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम मूळ धरून ‘कवी’ दीर्घ, पण समासात ‘कविमन’ ऱ्हस्व, एवढी उदाहरणे द्यावीत. खरी जागा इंग्रजीतून आलेल्या शब्दांना द्यावी, कारण तेथे नियम अपुरे पडतात. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूने (U+0901) लिहिता येतो, तसाच ॅ आणि अनुस्वार अशा दोन चिन्हांनीही. छपाईत फरक सहसा जाणवत नाही, मात्र एक रूप शोधल्यास दुसऱ्या रूपातील मजकूर अनेकदा सापडत नाही. म्हणून एक रूप ठरवून दुसरे शोधा-बदला करून काढावे. ‘फाइल’ की ‘फाईल’ हे ठरवताना लिंग आणि सामान्यरूपही नोंदवावे: ती फाइल, फायलीत, अन्यथा एकाच अंकात ‘फाइलमध्ये’ही दिसते.

मथळ्याची मर्यादा संगणकाच्या अक्षरगणनेवर ठेवू नये. ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरांच्या शब्दात संगणक सहसा 10 चिन्हे मोजतो. मर्यादा शब्दांत सांगावी (माझ्या मते सात) आणि प्रत्यक्ष स्तंभाच्या रुंदीत मथळा बसवून पाहावा, कारण जोडाक्षरे जागा अधिक घेतात.