कलरिस्टकडे जाण्याआधी: ब्रीफची तयारी

एडिट लॉक झाल्याशिवाय, म्हणजे कापाकापी पूर्ण संपल्याशिवाय, फिल्मचे रंग ठरवणाऱ्या कलरिस्टसाठी ब्रीफ लिहायला बसू नका. एक शॉट कापला तरी पुढचे सगळे टाइमकोड सरकतात आणि तुमची सूचना भलत्याच शॉटला जाऊन चिकटते. लॉक झालं की फिल्म आवाज बंद करून बघा आणि सीक्वेन्सची यादी करा: नाव, सुरुवातीचा नि शेवटचा टाइमकोड, कथेतली वेळ. दुपारी चारला शूट केलेली पहाट कलरिस्टला आपोआप कळत नाही.

मग प्रत्येक सीक्वेन्सचा मूड. 'वॉर्म', 'सिनेमॅटिक' असले शब्द एकटे सोडू नका. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात शॉर्टफिल्म केली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या सीनपुढे मी नुसतं 'उबदार' लिहिलं होतं. कलरिस्टच्या पहिल्या पासला अख्खी फ्रेम नारिंगी होऊन आली. आजीचे पांढरे केस, चुन्याची भिंत, स्टीलची पातेली, सगळंच पिवळट. चूक माझ्या शब्दाची होती. मग असं लिहिलं: "पहाट. उजेड खिडकीतून, किंचित निळसर. समईचा पिवळेपणा फक्त आजीच्या गालावर. केस पांढरेच राहावेत. कोपऱ्यात काळोख चालेल, पण फडताळातले डबे ओळखू यावेत. लुगड्याचा हिरवा रंग शेवटच्या सीनमध्ये परत येतो, तो जपा." उजेड कुठून येतो, पांढरं काय राहायला हवं, अंधारात काय दिसायला हवं आणि कुठला रंग सांभाळायचा, एवढं प्रत्येक सीक्वेन्सला लिहाच.

सांभाळायचा रंग फुटेजमध्ये खरंच आहे का, हेही तपासा. आमचा शेवटचा सीन रात्रीचा, मुठेकाठच्या रस्त्यावर, सोडियमच्या दिव्यांखाली. त्या पिवळ्या उजेडात हिरवं फारसं उरतच नाही; लुगडं तपकिरी आलं होतं. कॅमेऱ्यात न उतरलेला रंग ग्रेडमध्ये, म्हणजे कलरिस्टच्या कामात, ओढून काढता येत नाही. मास्क करून वरून रंग दिला, तर पदर हलला की कडा लुकलुकते. कलरिस्टने हे दाखवल्यावर ब्रीफ बदललं: रस्त्यावर लुगडं गडदच ठेवायचं, आणि आजी दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखालून जाते त्या दोन शॉट्समध्ये हिरवं दिसू द्यायचं. सीन त्यामुळेच चांगला झाला.

प्रत्येक सीक्वेन्सची एक-दोन स्टिल्स टाइमलाइनमधूनच एक्सपोर्ट करून जोडा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढू नका, फोन रंग आपल्या मनाने बदलतो. एडिटरने तात्पुरता LUT, म्हणजे फुटेजचे रंग ठरावीक पद्धतीने बदलणारी फाइल, लावला असेल तर तीही द्या आणि त्यातलं काय आवडलं, काय नको, ते लिहा. महिनाभर तोच लुक बघून डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. अंडरएक्सपोज शॉट्सचे टाइमकोड वेगळे काढा, कारण ते उजळले की सावल्यांत नॉइज वर येतो.

पहिल्याच ओळीत मात्र फिल्म कुठे दाखवणार ते लिहा. फेस्टिव्हलला DCP, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचं डिजिटल पॅकेज, लागणार असेल तर मास्टर वेगळा, यूट्यूबसाठी Rec.709 या टीव्ही-मॉनिटरच्या रंगमानकाचा वेगळा, आणि स्टुडिओचं बुकिंगही त्यावरच ठरतं.