सुट्टीतही त्याच वेळी उठणार, हे जोडीदाराला कळवताना या चुका टाळा

जुनाट निद्रानाशावर गोळ्यांशिवाय उपचार सुरू करताना मी पेशंटशी पहिल्यांदा उठण्याची वेळ ठरवते. सोमवार असो, रविवार असो की भाऊबीज, गजर एकच. समोर बसलेल्या माणसाला हे पटतं, वहीत लिहूनही घेतो. मग घरी जोडीदाराला एक मेसेज जातो आणि तो वाचला की मला कपाळावर हात मारावासा वाटतो. दिवाळी, मे महिना, गणपती जवळ आले की तेच मेसेज, त्याच चुका.

सगळा भार ‘समजून घे’वर टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सकाळच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). रात्री सव्वानऊला अंथरुणावर पडायच्या, पहाटे सव्वापाचला उठायच्या. आठ तास पडून राहायचं आणि झोप लागायची जेमतेम साडेपाच तास, बाकीचा वेळ छताकडे बघण्यात. झोपेच्या डायरीत हे चित्र स्वच्छ दिसलं, तेव्हा आम्ही त्यांचा अंथरुणातला वेळ तेवढाच ठेवला: रात्री पावणेबारा ते पहाटे सव्वापाच. याला स्लीप रिस्ट्रिक्शन म्हणतात. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत ऐकायला क्रूर वाटते. पण झोपेची भूक साठली की ती तुकड्यातुकड्यांत न येता सलग येते. अंथरुणातल्या वेळापैकी साधारण ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की मग पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची.

बाईंनी नवऱ्याला मेसेज केला: ‘मला आता रोज एकाच वेळी उठायचंय, प्लीज समजून घे.’ नवऱ्याने होकाराचा अंगठा पाठवला. भला माणूस. दोन आठवडे ठीक गेले. मग दिवाळीची सुट्टी लागली. पहिल्या रात्री बाई दोनपर्यंत जाग्या होत्या, हे त्याने पाहिलं. पहाटे गजर वाजायच्या आत त्याने तो बंद केला, पडदे ओढले, मुलांना बाहेर नेऊन दूध दिलं आणि ‘आज तरी झोपू दे बिचारीला’ म्हणून दार लोटून घेतलं. बाई साडेआठला उठल्या. दुपारी फराळ करून पुन्हा तासभर आडव्या झाल्या. त्या रात्री तीन वाजले तरी डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुट्टी संपेपर्यंत डायरी पहिल्या पानावर आली होती, आणि नवरा म्हणत होता की उपचाराचा काही उपयोग नाही.

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. मेसेजमध्ये सुट्टीचा उल्लेख नव्हता आणि वाईट रात्रीनंतर काय करायचं हेही नव्हतं. रात्र वाईट गेली तर सकाळी भरून काढायची, हे आपल्याकडे प्रत्येक आईने शिकवलेलं शहाणपण आहे. तुमचा उपचार नेमका त्याच्या उलट सांगतो, त्यामुळे ते शब्दांत लिहावंच लागतं.

कारणही लिहा, पण घरचे आकडे घालून. सव्वापाचला उठलेली बाई पावणेबाराला अंथरुणावर जाते तेव्हा साडेअठरा तास जागी असते. साडेआठला उठली तर सव्वापंधरा तास. म्हणजे तीन तासांहून अधिक भूक कमी, आणि दुपारची डुलकी धरली तर आणखी कमी. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेच्या दोन यंत्रणा वेगळ्या करून मांडल्या. पहिली म्हणजे ही जागेपणाबरोबर साठणारी भूक, दुसरी शरीरातलं घड्याळ. बहुतेकांचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि रोज सकाळचा उजेड त्याला जागेवर आणतो. साडेआठपर्यंत पडद्याआड राहिलात की त्या दिवशी हे काम उशिरा होतं आणि रात्रीची झोपही पुढे सरकते. एका उशिरा उठण्याने दोन्ही यंत्रणा बिघडतात.

यातलं नवऱ्याला किती सांगायचं? माझ्या मते दोन वाक्यं. काही जण लेखांच्या लिंका आणि अर्ध्या तासाचे व्हिडिओ पाठवतात. ते कुणी उघडत नाही, आणि उघडलंच तर ‘आठ तास झोप हवीच’ असं त्यातलंच एखादं वाक्य तुमच्या तोंडावर मारलं जातं.

घरातल्या इतरांना विसरणं

याच बाई पुढच्या मे महिन्यात सासरी गावाला गेल्या. या वेळी गजर बंद झाला नाही. सव्वापाचला उठून त्या अंगणात फिरायच्या, मग एकटीपुरता चहा टाकायच्या. तिसऱ्या दिवशी धाकट्या जावेचं तोंड फुगलं. थोरली पाचला उठते म्हटल्यावर ती सातला उठली की आळशी ठरणार ना! सासूबाईंनी त्याच दिवशी चौघांदेखत थोरलीचं कौतुक करून आगीत तेल ओतलं. नवऱ्याला यातलं काहीच कळत नव्हतं, तो आठला उठून पेपर मागत होता.

आपल्या घरांमध्ये सुनेचं लवकर उठणं कधीच खाजगी नसतं. म्हणून मेसेजमध्ये एक वाक्य हवं: घरच्यांना काय सांगायचं आणि ते कोणी सांगायचं. सांगायचं नवऱ्यानेच, पोहोचल्या दिवशी, जेवताना. ‘हिची झोपेची ट्रीटमेंट चालू आहे, उठायची वेळ बांधून दिलीय, कामासाठी उठत नाही, तुम्ही झोपा.’ सुनेने स्वतः सांगितलं की ती बढाई वाटते किंवा बहाणा. पुरुष पेशंटची अडचण वेगळी असते: सुट्टीत पहाटे उठून तो दिवे लावतो, मोबाइलवर बातम्या लावतो आणि बायकोची एकमेव निवांत सकाळ घालवतो. त्याने ‘मी काय करणार नाही’ हे लिहावं.

रात्रीची बाजू न लिहिणं

उठण्याबद्दल सगळे लिहितात. पण पावणेबारापर्यंत तुम्ही खोलीत येणार नाही आहात, हे जोडीदाराला कोणी सांगायचं? साडेनऊला तो झोपायला जातो, तुम्ही बाहेर पुस्तक घेऊन बसता. चार रात्री तो काही बोलत नाही, पाचव्या रात्री विचारतो, माझं काही चुकलं का? हा प्रश्न मी इतक्या जोडप्यांकडून ऐकला आहे की आता पहिल्याच भेटीत बजावते. जवळीक आणि गप्पा यांसाठी अंथरुणाची वेळ सोडून वेगळी वेळ काढा आणि तेही लिहा. लाजायचं काय त्यात?

त्या बाईंनी पुढे पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

‘सुट्टीतही मी सव्वापाचलाच उठणार आहे. उशिरा उठले की त्या रात्री झोपेची भूकच लागत नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस बिघडतात. दिवाळीत तू बघितलंयस. रात्र वाईट गेली तरी उठायचंच, त्या दिवशी तर नक्की. तुला माझी दया येईल, गजर बंद करावासा वाटेल, तो करू नकोस. मला उठवायचं काम मात्र तुझं नाही. तू आणि मुलं हवं तेवढं झोपा, सातपर्यंत मी मिक्सर लावणार नाही. रात्री मी उशिरा खोलीत येईन, रुसले असं समजू नकोस, जेवणानंतर आपण गच्चीत बसू. सध्या लांबची गाडी तू चालव, मला दुपारी पेंग येते. आईंना आणि धाकटीला तूच सांग. ताप आला किंवा रात्रीचा प्रवास झाला तर सूट. दर आठवड्याला डायरी बघून झोपेची वेळ वाढवू, पण ती रात्रीच्या बाजूने.’

शेवटचं वाक्य कापू नका. झोप सुधारली की झोपायची वेळ अलीकडे येते, उठायची तीच राहते. हे माहीत नसलं की जोडीदार महिन्याभराने विचारतो, आता बरी झालीस ना, मग रविवारी झोप की. गाडीचं वाक्यही शोभेचं नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेंग खरोखर येते आणि घाटात ती परवडत नाही.

दुसऱ्याचा मेसेज उचलणं

वरचा मजकूर निद्रानाशासाठी आहे. बायपोलर आजारातही उठण्याची वेळ स्थिर ठेवायला सांगतात, पण तिथे झोपेचे तास कापणं धोक्याचं असतं, त्याने उन्माद उसळू शकतो. तिथल्या मेसेजमध्ये उलट हवं: ‘मी सलग दोन रात्री कमी झोपूनही ताजीतवानी दिसले तर डॉक्टरांना फोन कर.’ फिट्सचा आजार असेल तर अपुरी झोप हेच फिट येण्याचं निमित्त ठरू शकतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी. उतावळी मंडळी कुणाचा तरी मेसेज आणि कुणाचे तरी तास उचलतात आणि आठवड्यात निकाल मागतात. स्वतःची दोन आठवड्यांची डायरी भरल्याशिवाय मी कुणालाही तास सांगत नाही, मग ते कितीही घाईत असोत.

बाकीच्या चुका झटपट. रात्री दोनला, झोप येत नसताना मेसेज लिहू नका, त्यात राग उतरतो. ‘आपण दोघंही लवकर उठू या’ असं आमंत्रण देऊ नका. त्याने मागितलेलं नाही. जोडीदाराला उठवायचं काम देऊ नका, महिन्याभरात तो पोलीस आणि तुम्ही चोर होता. सुट्टी लागल्यावर पाठवू नका, चार दिवस आधी पाठवा, आणि मग समोरासमोर बोला.

सवलतींची यादी छोटी ठेवा. माझ्या पेशंटना मी सुट्टीत अर्ध्या तासाची ढील देते, त्यापुढे नाही. लग्नाची वरात रात्री एकला संपली तरी गजर तोच. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं डुलकी घ्या, तीही गजर लावून. रात्रभर एसटीने कोकणात उतरलात तर त्या दिवशी मुकाट्याने दोन तास झोपा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वापाच.