क्लाउडचं बिल: आधी काटछाट, मग करार

बाणेरच्या आमच्या छोट्या ऑफिसातून सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं सॉफ्टवेअर चालतं. त्यामागे एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमधले दहा सर्व्हर आहेत. मागे एकदा बिल फुगलं, तेव्हा मी घाईघाईने वर्षभराचा सवलतीचा करार करून मोकळा झालो. नंतर लक्षात आलं, की बरेच सर्व्हर गरजेपेक्षा दुप्पट मोठे आहेत. लहान केले तरी कराराचे पैसे भरावे लागणारच होते, त्यामुळे वर्ष तसंच काढलं. म्हणून इथे करार शेवटी येतो.

1. आजचा खर्च तासात मांडा. महिना म्हणजे सरासरी 730 तास. खरे दर प्राइसिंग कॅल्क्युलेटरमध्ये बघा. इथे सोयीसाठी तासाला ₹20 धरू. दहा सर्व्हर रात्रंदिवस चालले, तर 10 × 20 × 730, म्हणजे ₹1,46,000. डिस्क आणि डेटा ट्रान्सफरचे पैसे वेगळे.

2. माप घ्या. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एडब्ल्यूएसचं देखरेखीचं साधन क्लाउडवॉच सीपीयूचा वापर आपणहून दाखवतं, मेमरीचा नाही. त्यासाठी सर्व्हरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. नुसता सीपीयू बघून सर्व्हर लहान केला, की मेमरी संपून अ‍ॅप्लिकेशन धाडकन पडतं. दुसरी फसगत कालावधीची. सर्व्हरचं माप सुचवणारा कॉम्प्युट ऑप्टिमायझर साधारणपणे मागच्या 14 दिवसांवरून सल्ला देतो. आमची गर्दी असते 1 तारखेला, सगळ्या सोसायट्यांची बिलं एकदम निघतात तेव्हा. 20 तारखेला सल्ला घेतला, तर तो दिवस हिशोबातच येत नाही. म्हणून पूर्ण महिन्याचा आलेख बघा, आणि सरासरीपेक्षा गर्दीच्या तासाकडे.

आमच्या सहा मुख्य सर्व्हरपैकी चारांवर गर्दीतही सीपीयू 22 टक्के आणि मेमरी 35 टक्के होती. निम्म्या मापात हेच आकडे साधारण 44 आणि 70 होतात, म्हणजे चालतं. दोन डेटाबेसवर मेमरी आधीच 70 टक्के भरलेली, त्यांना हात लावला नाही. निम्मं माप म्हणजे त्याच प्रकारात निम्मा दर. सहांचा खर्च तासाला ₹120 वरून ₹80 वर आला, महिन्याला ₹58,400. माप बदलायला सर्व्हर बंद करावा लागतो, तेव्हा हे काम रात्री करा, आणि आधी एकच बदलून एखादी 1 तारीख जाऊ द्या.

3. जे रात्री लागत नाही ते बंद करा. टेस्टिंगचे तीन सर्व्हर सोमवार ते शुक्रवार बारा तास पुरतात. ते महिन्याला 260 तास होतात, खर्च ₹15,600. डिस्कचं भाडं मात्र बंद असतानाही चालू राहतं. अशा सर्व्हरसाठी करार करू नका: 30 टक्के सवलत असेल, तर 70 टक्क्यांहून जास्त तास वापर झाला तरच करार परवडतो. इथे वापर जेमतेम 36 टक्के.

4. तुटलं तरी चालेल ते काम स्पॉटवर टाका. स्पॉट म्हणजे एडब्ल्यूएसची रिकामी पडलेली क्षमता, खूप स्वस्त. पण त्यांना गरज पडली, की दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतात. उरलेल्या एका सर्व्हरवर आमचे रिपोर्ट रात्री चार तास चालतात. एका सोसायटीचा रिपोर्ट झाला, की तो लगेच एस3 या फाइल साठवायच्या सेवेत ठेवतो आणि यादीत खूण करतो. मशीन गेलं तर पुढचं त्या खुणेपासून सुरू होतं. एकाच प्रकारच्या मशीनवर अडून बसू नका, चार-पाच प्रकार चालतील असं सांगून ठेवा. 60 टक्के सवलत धरली, तर महिन्याला ₹960. डेटाबेस मात्र चुकूनही स्पॉटवर नको.

5. आता करार. रिझर्व्ह्ड इन्स्टन्स किंवा सेव्हिंग्ज प्लॅन, दोन्ही एक किंवा तीन वर्षांचे. माप पुढे बदलेल असं वाटत असेल, तर कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन बरा. सवलत थोडी कमी, पण मशीनचा प्रकार बदलता येतो. रात्रंदिवस तासाला ₹80 लागतात, तरी मी ₹60 पुरताच करार करतो, उद्या आणखी एखादा सर्व्हर लहान करता यावा म्हणून.

इथे एक खोच आहे. सेव्हिंग्ज प्लॅनच्या रकान्यात सवलतीनंतरचा आकडा भरायचा असतो. 30 टक्के सवलतीत ₹60 चा वापर झाकायला ₹42 पुरतात. तिथे 60 भरलं, तर जवळपास ₹86 चा वापर झाकला जातो. टेस्टिंगचे सर्व्हर बंद असतात त्या 470 तासांत आपला 80 चाच असल्यामुळे तासाला ₹4 पाण्यात, महिन्याला ₹1,880. बरोबर भरलं, तर सहा सर्व्हरांचे ₹58,400 उतरून ₹45,260 होतात आणि दहांचा खर्च ₹61,820 वर येतो. कॉस्ट एक्सप्लोररमध्ये प्लॅनच्या वापराचा अहवाल असतो. तो 100 टक्क्यांखाली दिसला, तर करार गरजेपेक्षा मोठा झालाय.